साहेबांचा फोन आणि ठाण्यातली नोंद

आपल्या तरुणांमध्ये एक वाक्य फार लाडके झाले आहे : "मंत्रालयात आपला माणूस हवा." ताथवड्यात मी राहतो त्या परिसरात इंजिनिअरिंग कॉलेजांची गर्दी आहे, आणि डिग्री हातात आल्यावर एमपीएससीकडे वळणारी मुलेही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी आपल्या समाजातल्या मुलांशी बोललो की हे वाक्य हमखास येते. पुढे विचारले, आपला माणूस तिथे बसून काय करील? उत्तर ठरलेले : "फोन करील. एका फोनवर काम होईल."

मला या उत्तराशी भांडायचे आहे. तो फोन कसा चालतो, कोणाला कुठे येतो, त्याच्यामुळे कागदावर काय बदलते आणि तो घेणाऱ्या अधिकाऱ्याला काय करता येते, हे एकदा नीट समजून घेतले तर "आपला माणूस फोन करील" हे स्वप्न आपल्यासारख्यांसाठी किती महागडे आहे ते कळेल. महाराष्ट्रात असा एक फोन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो खामगावचा आहे.

बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव, साल २००६. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या चालू होत्या आणि त्यामागच्या कारणांत खासगी सावकारीचे नाव वारंवार येत होते. खामगावच्या भागातले शेतकरी तक्रारी घेऊन पोलिसांकडे येत होते. तक्रार अशी की सावकाराने भरमसाठ व्याज लावले आणि जमीनही घेतली. हा सावकार म्हणजे तिथले काँग्रेसचे आमदार दिलीप सानंदा यांचे वडील. मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख, पक्ष तोच.

मे २००६च्या अखेरीस मुख्यमंत्र्यांच्या स्वीय सचिवांचा फोन खामगावच्या पोलीस ठाण्यात आला. विषय आमदारांच्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारींचा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या सुरुवातीला, बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पोलीस अधीक्षकांना पत्र लिहिले. पत्राचा आशय असा होता : मुख्यमंत्र्यांच्या सूचना आहेत की या कुटुंबाविरुद्ध सावकारीची तक्रार आली तर ती आधी सावकारीविरोधी जिल्हा समितीपुढे ठेवावी, जिल्हा सरकारी वकिलांचे मत घ्यावे, आणि मगच गुन्हा नोंदवण्याचा निर्णय करावा.

वरवर पाहिले तर यात "गुन्हा नोंदवू नका" असे कुठेही नाही. समिती आहे, वकील आहे, मत आहे. सगळे कसे जबाबदार आणि शांत डोक्याचे वाटते. म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखे आहे. नियम वाकवणारा आदेश "नियम मोडा" असे क्वचितच म्हणतो. तो एक जादा पायरी घालतो, आणि ती पायरी एकाच घराच्या दारात घालतो.

कायद्यातली पायरी काय होती ते बघा. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४ सांगत होते की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने ती लिहून घ्यायची. लिहून घेण्याचे काम त्या अधिकाऱ्याचे. जिल्हाधिकाऱ्याला त्यात जागा नाही, कोणत्या समितीला नाही, सरकारी वकिलाला नाही, मुख्यमंत्र्यालाही नाही. तक्रार खोटी असेल तर ते तपासात उघड होते, आणि त्यासाठी तपास सुरू व्हावा लागतो. गावातल्या इतर कोणत्याही माणसाविरुद्ध तक्रार आली तर हीच वाट. फक्त एका कुटुंबासाठी वाटेवर तीन फाटके उभी राहिली.

एका तक्रारदार शेतकऱ्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. २००९ साली खंडपीठाने ही सूचना बेकायदा ठरवली आणि राज्य सरकारला २५ हजार रुपये खर्च भरायला सांगितले. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. १४ डिसेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि न्यायमूर्ती ए. के. गांगुली यांच्या पीठाने अपील फेटाळले आणि २५ हजारांचे १० लाख केले. मुख्यमंत्र्याने घेतलेल्या शपथेशी आणि राज्यघटनेशी हे वागणे विसंगत आहे, असे न्यायालयाने कडक शब्दांत सांगितले. देशमुख तेव्हा केंद्रात मंत्री होते. आज ते हयात नाहीत, आणि मला त्यांच्या एकूण कारकिर्दीचा हिशेब मांडायचा नाही. पक्ष कोणताही असो, असे फोन होत आले आहेत. इथे एका फोनचा कागद शिल्लक राहिला, एवढेच वेगळे.

आता त्या कागदाकडेच येऊ. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला होता हे न्यायालयाला कळले कसे? आलेल्या फोनची नोंद ठाण्याच्या स्टेशन डायरीत होती. ज्याने कोणी ती ओळ लिहिली त्याने भाषण केले नाही, राजीनामा दिला नाही, पत्रकारांना बोलावले नाही. ठाण्यात जे घडते ते डायरीत लिहायचे असते, म्हणून लिहिले. पुढे राज्यातल्या सर्वांत ताकदवान कार्यालयाला ती एक ओळ पुसता आली नाही.

माझ्या कामातला दाखला देतो. सर्व्हरवर कोणी काय बदलले याचा लॉग असतो. ज्याच्याकडे सगळे अधिकार आहेत त्यालाही बदल करता येतो, पण बदलासोबत त्याचे नाव आणि वेळ लॉगमध्ये उतरते. ज्या दिवशी कोणी म्हणते, "हा एक बदल लॉगशिवाय करून टाक," त्या दिवशी समजायचे की बदल करणाऱ्यालाही तो बदल नंतर कोणी वाचू नये असे वाटते. तोंडी आदेशाचे तसेच आहे. ज्या मंत्र्याला आपला आदेश कायदेशीर वाटतो त्याला सही करायला काही अडचण नसते.

जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र मात्र वेगळ्या जातीचे आहे, आणि तरुण उमेदवारांनी हा फरक ओळखायला हवा. त्यांनीही कागद केला. सूचना कोणाची ते प्रामाणिकपणे लिहिले. पण लिहिल्यावर ती पुढे ढकलली. ठाण्याच्या नोंदीने फोनची साक्ष राहिली. जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राने फोनला पाय फुटले. जो आदेश मुंबईहून एका घराच्या भल्यासाठी निघाला तो आता जिल्ह्याच्या शिक्क्याने पोलीस अधीक्षकांच्या टेबलावर आला. "मी फक्त वरचा निरोप पोचवला" हा बचाव सरकारी नोकरीत फार चालतो. कायद्यात तो चालत नाही.

तो का चालत नाही, याचे उत्तर मुंबईच्याच एका जुन्या खटल्यात आहे. अंधेरीत गोरधनदास भानजी यांना चित्रपटगृह बांधायचे होते. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली. मग विरोध झाला आणि सप्टेंबरमध्ये आयुक्तांनी परवानगी रद्द केली. रद्द करणाऱ्या पत्रात त्यांनी लिहिले की सरकारच्या निर्देशावरून हे कळवत आहे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. नियमांनी हा अधिकार आयुक्तांना दिला होता. तो त्यांनी स्वतःच्या बुद्धीने वापरायचा होता, आणि पत्रावरून दिसत होते की निर्णय त्यांचा नव्हताच. आयुक्तांनी पुढे खुलासा दिला की निर्णय आपणच घेतला. न्यायालय म्हणाले, सरकारी आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचायचा. अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे नंतर येऊन सांगता येणार नाही.

यातून एक साधी कसोटी हाती येते. मंत्री धोरण ठरवू शकतो. तो अहवाल मागू शकतो, काम लवकर करा म्हणू शकतो, आणि जिथे कायद्याने त्याच्याकडे अपील किंवा पुनरीक्षण दिले आहे तिथे कारणे लिहून खालचा निर्णय फिरवूही शकतो. पण जिथे कायद्याने निर्णय एका ठरावीक खुर्चीला दिला आहे, तिथे त्या खुर्चीवर बसलेल्याने मंत्र्याचे मत स्वतःच्या सहीखाली घातले तर तो निर्णयच पोकळ होतो. म्हणून फोन आला की पहिला प्रश्न "साहेब किती मोठे आहेत" हा नसतो. पहिला प्रश्न असतो : हा निर्णय कायद्याने कोणाचा आहे?

दुसरा प्रश्न कागदाचा. अखिल भारतीय सेवांच्या १९६८च्या वर्तणूक नियमांत नियम ३ आहे, आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मध्येही नियम ३ आहे. दोन्हींचा गाभा एक : अधिकाऱ्याने स्वतःच्या सर्वोत्तम विवेकाने वागावे; वरिष्ठाच्या आदेशाने वागत असेल तर तो आदेश लेखी घ्यावा; लेखी मिळणे शक्य नसेल तर नंतर शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा घ्यावा. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच ठळक केले. तोंडी सूचनांवर कारभार चालला तर माहितीचा अधिकारही निरुपयोगी होतो, कारण मागायला कागदच उरत नाही, हा मुद्दाही त्या निकालात आहे.

आता खामगावचा फोन तुम्हाला आला आहे असे धरा. तुम्ही जिल्ह्यात अधिकारी आहात. फोनवर वाद घालायची गरज नाही. आवाज चढवून कोणी शूर होत नाही. "सूचना लक्षात घेतल्या, साहेब" एवढे म्हणून फोन ठेवा, आणि त्याच दिवशी नस्तीवर टिपणी लिहा. साधारण अशी :

"आज दुपारी अमुक वाजता अमुक कार्यालयातून दूरध्वनीवरून सूचना मिळाली. माझ्या समजुतीप्रमाणे सूचना अशी आहे की अमुक व्यक्तींविरुद्धची तक्रार नोंदवण्यापूर्वी समितीपुढे ठेवावी. कलम १७३ अन्वये तक्रार नोंदवण्याचे कर्तव्य ठाणे प्रभारी अधिकाऱ्याचे आहे. समितीची पूर्वपरवानगी घेण्याची तरतूद आढळत नाही. तरी सूचनेस लेखी दुजोरा मिळावा, तसेच ती कोणत्या तरतुदीखाली आहे ते कळवावे. तोपर्यंत प्रचलित कार्यपद्धतीप्रमाणे कार्यवाही चालू राहील."

यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ अधिकारी पहिली पाच वाक्ये लिहितात आणि मग दुजोऱ्याची वाट पाहत नस्ती कपाटात ठेवतात. म्हणजे कागदावर प्रामाणिक, आणि प्रत्यक्षात साहेबांचे काम फत्ते. ज्या तक्रारीला आज नोंद हवी होती तिला सहा महिन्यांनी मिळालेला न्याय हा फोनचाच विजय आहे. उत्तर बहुतेक वेळा येतच नाही. न येणे हेही एक उत्तर आहे, आणि तुमच्या टिपणीखालची रिकामी जागा ते सांगत राहते.

याला किंमत आहे का? आहे, आणि ती बदली आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडलाच श्रीकर परदेशी मे २०१२ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आले, बेकायदा बांधकामांवर त्यांनी हातोडा चालवला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये, दोन वर्षेही पुरी न होता, त्यांची बदली झाली. बदलीच्या कारणांवर वाद घालता येईल. तारखांवर येणार नाही. महाराष्ट्रात २००५चा बदल्यांचा कायदा आहे. त्यात पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा आहे, आणि मुदतीआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. राज्याचा कर्मचारी अशा बदलीविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जाऊ शकतो. कारणांची नोंद नसली की आदेश रद्द होऊ शकतो. पण खरे सांगायचे तर कायदा खुर्ची वाचवू शकतो; तुमच्या मुलांची शाळा आणि घरातली शांतता वाचवण्याची हमी तो देत नाही. हे माहीत असूनच परीक्षेला बसा.

आणि हेही लक्षात घ्या की खामगावच्या निकालातले १० लाख राज्याने भरायचे होते. म्हणजे ज्यांच्या तक्रारी अडल्या त्यांच्याच कराचे पैसे. रक्कम राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे गरीब शेतकऱ्यांच्या खटल्यांसाठी जमा करायला सांगितली, हे चांगलेच. पण फोन करणाऱ्याच्या खिशाला त्या निकालाने हात लावला नाही. आपल्या व्यवस्थेतला हा दोष अजून तसाच आहे.

आता "आपला माणूस" या मूळ मुद्द्याकडे वळतो. माझे मित्र म्हणतात, "बाकीचे सगळे फोन करून कामे काढतात. आम्हीच तेवढे नियमाने मरायचे का?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण त्यामागचा अनुभव खरा आहे. ठाण्यात तक्रार घेतली जात नाही, अर्ज टेबलावरून हलत नाही, आणि शेजारच्याचे काम एका फोनवर होते, हे आपण पाहतो.

पण हिशेब करून बघा. फोनचा बाजार हा ताकदीचा बाजार आहे. तिथे ज्याच्याकडे जास्त आमदार, जास्त पैसा, जास्त ओळखी, त्याचा फोन आधी लागतो. खामगावात फोन कोणासाठी गेला? आमदाराच्या घरासाठी. कोणाविरुद्ध गेला? कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याविरुद्ध. संख्येने आणि पैशाने कमी असलेला समाज या बाजारात उतरला तर दहातला एक फोन त्याचा असेल आणि नऊ त्याच्याविरुद्ध. त्या एका फोनसाठी आपण उरलेल्या नऊ फोनांना मान्यता देऊन बसतो. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने कोणाचेही न ऐकता कायद्याप्रमाणे तक्रार लिहून घ्यावी, याची गरज आमदाराला कधीच नसते. ती आपल्याला असते.

म्हणून आपला मुलगा किंवा मुलगी त्या खुर्चीवर बसली तर तिच्याकडून आपण काय मागणार हे आजच ठरवले पाहिजे. कारण तिला पहिला फोन मंत्रालयातून येणार नाही; तो मोहल्ल्यातून येईल. चुलतमामा म्हणतील, "बेटा, एवढे आपल्या माणसाचे बघ." तिने तेव्हा नियमाबाहेर काम केले तर मंत्र्याच्या फोनला नकार देण्याचा तिचा अधिकार संपला, कारण पुढचा फोन करणाऱ्याला तिची किंमत कळलेली असेल. आणि तिने नकार दिला तर "अफसर झाली आणि कौमला विसरली" असे म्हणणारे आपणच असू. तटस्थपणा म्हणजे आपल्या लोकांकडे पाठ फिरवणे, असे समजणे सोडले पाहिजे. आपल्या माणसाचा अर्ज नियमात बसत असेल तर तो कोणाच्याही दबावाने अडू न देणे, हाही तटस्थपणाच आहे, आणि तो करायला जास्त हिंमत लागते.

खुर्चीच्या या बाजूला बसलेल्या आपल्यालाही काम आहे. अडलेल्या कामामागे फोन आहे का हे ओळखायच्या खुणा असतात. तुमच्या अर्जाला अशी अट लागते जी इतरांना लागत नाही. उत्तरात कलम नसते, फक्त "वरिष्ठांच्या निर्देशानुसार" असते, आणि त्या निर्देशाला ना क्रमांक ना तारीख. अशा वेळी दुसरा मोठा फोन शोधू नका. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि नेमके मागा : माझ्या अर्जाच्या नस्तीवरील सर्व टिपण्यांच्या प्रती, आणि ज्या निर्देशाचा उल्लेख केला त्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. निर्देशाची प्रत नसेल तर "उपलब्ध नाही" असे लेखी येईल, आणि तोच तुमचा पुरावा.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा, आपल्या शहरात, पोलीस आयुक्तालयाला लेखी तक्रार पाठवता येते, आणि त्यानेही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही वाट कलम १७३ आणि १७५ मध्ये आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. काही प्रकारच्या प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशीला वाव आहे, पण ती कायद्याने सांगितलेल्या मुदतीत आणि सर्वांना सारखी. एका आडनावासाठी वेगळी समिती त्यात बसत नाही.

"मंत्रालयात आपला माणूस हवा" म्हणणाऱ्या मित्रांना माझे म्हणणे एवढेच. माणूस जरूर हवा, शंभर हवेत. पण ते फोन करणारे नकोत. खामगावच्या शेतकऱ्यांच्या बाजूने मुंबईहून कोणी फोन केला नव्हता. त्यांच्या बाजूने होती डायरीतली एक ओळ, आणि ती त्यांना पुरली.